फुली-गोळा: नऊ घरांचा पूर्ण हिशेब

फुली-गोळ्याचे शक्य तेवढे सगळे डाव लिहून काढले, तर त्यांची संख्या २,५५,१६८ भरते. पहिली खेळी फुलीची धरली, तर त्यांतले १,३१,१८४ डाव फुली जिंकते, ७७,९०४ गोळा जिंकतो आणि बरोबरीत सुटणारे उरतात फक्त ४६,०८०. म्हणजे शंभरात अठरा. या आकड्यांकडे पाहून कोणालाही वाटेल की फुलीचे पारडे भलतेच जड आहे आणि बरोबरी हा क्वचित घडणारा प्रकार आहे. प्रत्यक्षात दोन्ही खेळाडूंनी एकही चूक केली नाही, तर प्रत्येक डाव बरोबरीतच सुटतो. कोणी कुठूनही सुरुवात केली तरी यात बदल होत नाही.

शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर हा खेळ खेळलेल्या बहुतेकांना हे अनुभवाने ठाऊक असते. काही दिवस हारजीत होते, मग दोघेही सावध होतात आणि डाव सुटेनासा होतो. पण ‘आम्हाला जिंकता आले नाही’ आणि ‘कोणालाच जिंकता येणार नाही’ या दोन विधानांत मोठे अंतर आहे. दुसरे विधान सिद्ध करावे लागते. ते सिद्ध करण्याची रीत गणिताकडे आहे, तिचे नाव मिनिमॅक्स.

पुढचे सगळे नीट समजावे म्हणून घरांना क्रमांक देऊ या.

```
१ | २ | ३
४ | ५ | ६
७ | ८ | ९
```

१, ३, ७, ९ हे कोपरे. २, ४, ६, ८ ही कडेची मधली घरे. ५ हे मधले घर. जिंकण्याच्या रेघा आठ आहेत: तीन आडव्या, तीन उभ्या आणि दोन तिरप्या.

मिनिमॅक्सची रीत उलट्या दिशेने चालते. सुरुवातीच्या रिकाम्या पटाकडे पाहून विचार करायचा नाही. आधी संपलेले डाव पाहायचे. फुली जिंकली असेल तर त्या पटाची किंमत +१, गोळा जिंकला असेल तर −१ आणि बरोबरी असेल तर ०. मग एकेक पायरी मागे यायचे. ज्या स्थितीत फुलीची पाळी आहे तिथे पुढच्या सगळ्या किमतींतली मोठ्यात मोठी घ्यायची, कारण फुली आपल्या हिताचेच पाहणार. जिथे गोळ्याची पाळी आहे तिथे लहानात लहान घ्यायची. असे मागे येत येत रिकाम्या पटापर्यंत पोचलो की तिथे जी किंमत मिळेल, तो त्या खेळाचा अखेरचा निकाल.

एक छोटी स्थिती पूर्ण सोडवून पाहू. फुल्या १, ८ आणि ९ वर आहेत. गोळे २, ५ आणि ७ वर. रिकामी घरे तीनच: ३, ४, ६. पाळी फुलीची.

फुली ३ वर गेली तर गोळ्यापुढे दोन पर्याय राहतात. गोळा ४ वर गेला, तर फुली ६ वर जाऊन ३-६-९ ही रेघ पुरी करते, किंमत +१. गोळा ६ वर गेला, तर फुलीला उरलेले ४ मिळते आणि रेघ कोणाचीच होत नाही, किंमत ०. निवड गोळ्याची आहे, तो लहान किंमत घेणार. म्हणून ‘फुली ३ वर’ या खेळीची किंमत ०.

आता फुली ४ वर गेली असे धरू. गोळा लगेच ३ वर जातो आणि ३-५-७ ही तिरपी रेघ त्याची होते, किंमत −१. त्याला दुसरा पर्याय ६ चा आहे, पण तो तपासण्याची गरजच नाही. गोळ्याच्या हाती याहून लहान काही लागणार नाही. फुली ६ वर गेली तरी हेच घडते: गोळा ३ वर जाऊन जिंकतो. तिन्ही खेळींच्या किमती ०, −१, −१ आल्या. फुली मोठ्यात मोठी घेते, म्हणून या स्थितीची किंमत ०. इथे फुलीला ३ हीच एक खेळी वाचवते.

वरच्या हिशेबात ६ चा पर्याय न तपासता सोडून दिला, ती साधी काटकसर नाही. संगणकावर मोठे खेळ सोडवताना नेमके हेच हजारो-लाखो वेळा करतात. त्याला अल्फा-बीटा छाटणी म्हणतात. ज्या फांदीचा निकाल वरच्या निवडीत फरक पाडू शकत नाही ती फांदी न पाहताच कापायची, उत्तर तेच राहते.

ही स्थिती जिथून येते तो डाव अधिक रंजक आहे. फुली १ वर सुरू करते, गोळा मधले ५ घेतो, फुली समोरचा कोपरा ९ घेते. आता गोळ्याची पाळी. ‘कोपरे चांगले असतात’ असे ऐकून असलेला खेळाडू इथे सहज ३ वर जातो. त्यातून ३-५-७ रेघेचा धोकाही उभा राहतो, म्हणून खेळी जोरदार वाटते. फुलीला ७ वर अडवावे लागते, आणि तिथेच गोळ्याचा डाव संपतो. आता फुली १, ७, ९ वर आहे. ४ वर गेली तर १-४-७ पुरी होते, ८ वर गेली तर ७-८-९ पुरी होते. गोळा एकाच वेळी दोन घरे बुजवू शकत नाही. हा दुहेरी पेच.

मिनिमॅक्सच्या भाषेत या स्थितीत ३ आणि ७ या खेळींची किंमत +१ आहे, तर २, ४, ६, ८ यांची ०. गोळ्याने कडेचे मधले घरच घ्यायला हवे. समजा तो २ वर गेला. त्याला आता ८ वर रेघ पुरी करायची आहे, म्हणून फुलीला ८ घ्यावे लागते. त्यातून ७-८-९ चा धोका तयार होतो, म्हणून गोळ्याला ७ घ्यावे लागते. हीच वर सोडवलेली स्थिती. पुढे फुली ३, गोळा ६, फुली ४ आणि पट भरतो. ९ वरच्या फुलीनंतर गोळ्याला खरी निवड एकदाच मिळाली. पुढची प्रत्येक खेळी दोघांवरही सक्तीची होती.

असा मागून पुढे येणारा विचार नवा नाही. जर्मन गणिती अर्न्स्ट झर्मेलो यांनी १९१३ साली बुद्धिबळावर एक निबंध लिहिला. नशिबाचा भाग नसलेल्या, काही लपवलेले नसलेल्या आणि कधीतरी संपणाऱ्या दोघांच्या खेळात तीनपैकी एक गोष्ट खरी असतेच, हे तत्त्व त्यांच्या नावाने ओळखले जाते: एक तर पहिल्याकडे जिंकण्याची हमी असते, किंवा दुसऱ्याकडे, किंवा दोघांकडेही न हरण्याची हमी असते. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये मिनिमॅक्सचे प्रमेय मांडले. १९५० मध्ये क्लॉड शॅनन यांनी संगणकाने बुद्धिबळ कसे खेळावे यावर लेख लिहिला, त्याचा पायाही हाच विचार होता. दोनच वर्षांनी केंब्रिजमध्ये अलेक्झांडर डग्लस यांनी एडसॅक या खोलीभर पसरलेल्या संगणकावर फुली-गोळा चालवला. माणूस आपली खेळी जुन्या टेलिफोनची तबकडी फिरवून कळवत असे, १ ते ९ आकड्यांपैकी एक.

बुद्धिबळाच्या बाबतीत तीनपैकी कोणती शक्यता खरी, हे आजही कोणाला सांगता येत नाही. फुली-गोळ्याच्या बाबतीत येते, कारण हा खेळ लहान आहे. रिकाम्या पटापासून सुरू होणाऱ्या संपूर्ण वृक्षात ५,४९,९४६ गाठी असतात. त्यांतल्या कितीतरी गाठींवर एकच स्थिती वेगवेगळ्या क्रमाने आलेली असते. त्या एकत्र केल्या की नियमाने येऊ शकणाऱ्या स्थिती उरतात ५,४७८. पट फिरवून किंवा आरशात धरून सारख्या दिसणाऱ्या स्थिती एकच मानल्या, तर फक्त ७६५. एवढ्या तर माणूसही धीर धरून वहीत तपासू शकेल. घरच्या संगणकाला पूर्ण वृक्ष पालथा घालायलाही फारसा वेळ लागत नाही, आणि उत्तर येते: रिकाम्या पटाची किंमत ०.

पण संगणकाने ‘शून्य’ सांगितले म्हणून माणसाचे समाधान होत नाही. बरोबरीच का, हा प्रश्न शिल्लक राहतो. या खेळाचे भाग्य असे की त्याचे उत्तर संगणकाशिवाय, पूर्णपणे देता येते. त्यासाठी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: फुली हरत नाही आणि गोळाही हरत नाही.

पहिली गोष्ट एकाही खेळीचा हिशेब न करता सिद्ध होते. क्षणभर मानू की गोळ्याकडे, म्हणजे दुसऱ्या खेळाडूकडे, हमखास जिंकण्याची एक पद्धत आहे. मग फुलीने पहिली खेळी कुठेही करावी, ती विसरून जावी आणि आपणच दुसरे आहोत असे समजून तीच पद्धत वापरावी. पद्धतीने एखाद्या वेळी नेमके त्या विसरलेल्या घरात खेळायला सांगितले, तर उत्तमच. ते घर आधीच आपले आहे, त्या पाळीला कुठेही दुसरी फुली मारावी. या खेळात आपली एक खूण जास्त असल्याने कधीच नुकसान होत नाही. म्हणजे फुलीही हमखास जिंकेल आणि गोळाही हमखास जिंकेल. हे अशक्य आहे, म्हणून मूळ समजूतच चुकीची. गोळ्याकडे जिंकण्याची हमी असू शकत नाही. हा युक्तिवाद ‘डावपेचाची चोरी’ म्हणून ओळखला जातो. हेक्स या खेळासाठी तो जॉन नॅश यांनी वापरला होता.

दुसरी गोष्ट थोडी मेहनतीची, पण तिच्यातच बरोबरीचे खरे कारण सापडते. गोळ्याला न हरण्याची पाककृती द्यायची आहे. फुलीची पहिली खेळी तीनच प्रकारची असू शकते: मध्य, कोपरा किंवा कड. बाकी सगळे पट फिरवून यांतच बसते.

समजा फुलीने कोपरा घेतला, घर १. गोळ्याने ५ घ्यावे. आठपैकी चार रेघा मधल्या घरातून जातात, त्या चारही फुलीसाठी एका खेळीत बंद झाल्या. उरल्या चार कडा: १-२-३, १-४-७, ३-६-९ आणि ७-८-९. यापुढे गोळ्याने ठरलेले उत्तर द्यायचे. फुली २ वर गेली तर ३, आणि ३ वर गेली तर २. फुली ६ वर तर ९, आणि ९ वर तर ६. फुली ४ वर किंवा ८ वर गेली तर ७. फुली ७ वर गेली तर ४. उत्तराचे घर आधीच भरलेले असेल तर कुठेही खेळावे. मात्र गोळ्याला रेघ पुरी करता येत असेल, तर आधी ती करावी.

ही पाककृती का चालते? २ आणि ३ ही दोन्ही घरे फुलीला कधीच मिळणार नाहीत, म्हणून १-२-३ गेली. ६ आणि ९ दोन्ही मिळणार नाहीत, म्हणून ३-६-९ गेली. ४ आणि ७ चीही तीच गत, म्हणून १-४-७ गेली. शंका फक्त ७-८-९ ची. फुली ७ वर गेली आणि गोळ्याने ४ घेतले, की गोळा ४-५-६ पुरी करायला बसलेला असतो. फुलीला ६ वर यावेच लागते, त्याचे उत्तर ९ आणि रेघ बंद. फुली आधी ९ वर गेली असेल, तर गोळा ६ वर जाऊन पुन्हा ४-५-६ ची धमकी देतो. फुलीला ४ घ्यावे लागते, उत्तर ७, रेघ बंद. आणि फुलीने आधी ८ घेतले तर गोळा थेट ७ वर बसतो. वाट एकही उरली नाही.

फुलीने कडेचे मधले घर, म्हणजे २, घेऊन सुरुवात केली तरी गोळ्याने ५ घ्यावे आणि हीच यादी वापरावी. फक्त २ आणि ३ च्या जोडीऐवजी १ आणि ३ ची जोडी धरावी.

राहिली मध्याची सुरुवात. इथे ५ फुलीकडे आहे, म्हणून गोळ्याने कोपरा घ्यावा, समजा १. त्यापुढचा नियम आणखी सोपा: फुली जिथे जाईल त्याच्या बरोबर समोरच्या, मधल्या घरापलीकडच्या घरात उत्तर द्यावे. २ ला ८, ३ ला ७, ४ ला ६ आणि उलट. मधून जाणारी प्रत्येक रेघ अशी आपोआप अडते. ९ च्या समोर आपलाच गोळा आहे, म्हणून फुली ९ वर आली तर एखादा रिकामा कोपरा घ्यावा. ३-६-९ आणि ७-८-९ या दोन कडा नियमाने थेट अडत नाहीत, पण तिथे गोळ्याच्या धमक्या मदतीला येतात. उदाहरणार्थ, फुली ९, गोळा ३. आता गोळ्याला १-२-३ पुरी करायची आहे. फुलीला २ वर यावे लागते, समोरचे उत्तर ८, आणि दोन्ही कडा बंद.

बरोबरीचे कारण असे रेघांच्या मांडणीत आहे. फुलीच्या हातात एका खेळीची आघाडी असते, पण गोळ्याचे पहिलेच योग्य उत्तर आठपैकी तीन-चार रेघा मोडून टाकते. गोळ्याने मध्य घेतला असेल तर उरलेल्या रेघा एकमेकींना कोपऱ्यांतच मिळतात, आणि दुहेरी पेच उभा करायला फुलीला जी एक मोकळी खेळी हवी असते ती गोळ्याच्या धमक्या तिला मिळू देत नाहीत. बरोबरीचे ४६,०८० डाव जरी असले, तरी भरलेल्या पटाची चित्रे फक्त १६ निघतात, आणि फिरवून-उलटवून सारखी दिसणारी एक धरली तर तीन.

मिनिमॅक्सची एक मर्यादा इथे ठळक दिसते. त्याच्या दृष्टीने मध्य, कोपरा आणि कड या तिन्ही सुरुवातींची किंमत ० आहे, म्हणजे त्या सारख्याच. माणसाशी खेळताना त्या मुळीच सारख्या नाहीत. फुलीने मध्य घेतला तर गोळ्याच्या आठ उत्तरांपैकी चारही कोपरे सुरक्षित असतात. कडेवरून सुरुवात केली तरी सुरक्षित उत्तरे चार. पण फुली कोपऱ्यातून निघाली तर वाचवणारे उत्तर एकच, मधले घर. बाकी सातही उत्तरे हरतात. गोळ्याने समोरचा कोपरा ९ घेतला असे पाहा. फुली ३, गोळ्याला २ वर अडवावे लागते, मग फुली ७, आणि ४ व ५ अशा दोन्ही ठिकाणी धमकी. कडेवरचे ६ घेतले तर फुली ५, गोळा ९, फुली ३ आणि पुन्हा दुहेरी पेच. समोरचा कधीही चुकणार नाही हे मिनिमॅक्सचे गृहीतक आहे. जो चुकू शकतो त्याच्याशी खेळताना कोपऱ्यातून सुरुवात करणे निःसंशय चांगले.

याच गृहीतकातून नवशिक्या प्रोग्रामरांना भेटणारा एक दोषही येतो. फक्त +१, ०, −१ अशा किमती दिलेला प्रोग्राम कधी कधी समोर दिसणारी रेघ पुरी करतच नाही. तो दुसरीकडेच खूण करतो आणि एक पाळी उशिरा जिंकतो. त्याच्या हिशेबात आत्ताचा विजय आणि नंतरचा विजय दोन्ही +१, म्हणून यादीत जी खेळी आधी आली ती तो घेतो. उलट बाजूने, हार ठरलेलीच आहे असे दिसताच तो साधी अडवणूकही सोडून देतो. असे वागताना दिसला तर कारण ओळखावे आणि किमतीत खेळींची संख्या मिसळावी: लवकरच्या विजयाला जास्त गुण, उशिराच्या हारेला कमी तोटा.

मांडणी थोडी बदलली की बरोबरीही जाते. तीन पट एकावर एक ठेवून २७ घरांचा घन केला, तर जिंकण्याच्या रेघा ४९ होतात आणि त्यांतल्या १३ एकट्या मधल्या घरातून जातात. तिथे पहिला खेळाडू मध्य घेऊन सहज जिंकतो. चार थरांच्या ६४ घरांच्या खेळातही पहिलाच जिंकतो, पण ते सहज दिसत नाही. ते सिद्ध करायला ओरेन पताश्निक यांना संगणकाची मदत घ्यावी लागली आणि निकाल १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. २००७ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात जोनाथन शेफर आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षे संगणक चालवून चेकर्स सोडवला. त्या ६४ चौकटींच्या पटावरही, दोघे अचूक खेळले तर, निकाल बरोबरीच आला.